डोक्याने खेळलेल्या चेंडूंचा हिशेब

इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या फुटबॉल क्लबच्या जुन्या चाहत्यांना जेफ ॲस्टलची ओळख करून द्यावी लागत नाही. क्लबसाठी १७४ गोल करणारा हा आघाडीचा खेळाडू हवेतून आलेला चेंडू डोक्याने मारण्यात पटाईत होता. १९६८च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्धचा एकमेव गोल त्याचा होता. गंमत म्हणजे तो मात्र त्याने पायाने केला. निवृत्तीनंतर त्याने खिडक्यांच्या काचा पुसण्याचा व्यवसाय थाटला आणि मजेत जगला. पन्नाशीच्या मध्यावर विस्मरण सुरू झाले. पुढच्या पाचेक वर्षांत आपण कधी फुटबॉल खेळलो होतो, हेही त्याला आठवेनासे झाले. जानेवारी २००२ मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी तो गेला.

तिथल्या पद्धतीप्रमाणे मृत्यूची चौकशी कॉरोनरसमोर झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निकाल आला : मृत्यूचे कारण व्यवसायजन्य आजार. खाणकामगाराला फुप्फुसाचा आजार जडावा, तसा या माणसाला चेंडू डोक्याने मारून मारून मेंदूचा आजार जडला, असा त्याचा अर्थ. तरीही ॲस्टलच्या आजाराला ‘अल्झायमर’ म्हटले जात राहिले. २०१४ मध्ये ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्ट यांनी जपून ठेवलेला त्याचा मेंदू पुन्हा तपासला. निदान निघाले क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजेच सीटीई.

सीटीईची बातमी आली की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. ‘हे खेळ म्हणजे मेंदूची माती, मुलांना पाठवूच नका’ ही एक. ‘अजून काहीच सिद्ध झालेले नाही, उगाच बाऊ नको’ ही दुसरी. उपलब्ध पुरावा शांतपणे पाहिला तर दोन्ही चुकीच्या आहेत, असे माझे मत आहे. काही गोष्टी आता पुरेशा पक्क्या आहेत, काही खरोखरच अंधारात आहेत. गल्लत होते ती या दोन्हींची सरमिसळ केल्याने.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते?

‘ठोसे खाऊन भ्रमिष्ट झालेला’ मुष्टियोद्धा ही जुनी ओळख आहे. अमेरिकेतले डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये अशा मुष्टियोद्ध्यांवर लेख लिहिला : अडखळती चाल, जड जीभ, मंद होत जाणारी बुद्धी. पुढची अनेक दशके हा फक्त बॉक्सिंगचा आजार मानला गेला. मग अमेरिकन फुटबॉलमधला नावाजलेला खेळाडू माइक वेब्स्टर २००२ मध्ये वारला आणि शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत तसेच बदल दिसले. त्यांचा शोधनिबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि चर्चा बॉक्सिंगच्या रिंगणाबाहेर आली.

हे बदल म्हणजे नेमके काय? मज्जापेशींच्या लांब तंतूंमधून पदार्थांची ने-आण होते ती सूक्ष्म नळ्यांवरून. या नळ्यांना आधार देण्याचे काम टाऊ नावाचे प्रथिन करते. काही आजारांत हे प्रथिन बिघडते, नळ्यांपासून सुटते आणि पेशीत त्याच्या गुठळ्या होतात. अल्झायमरमध्येही टाऊ बिघडतो. पण सीटीईमध्ये तो साचतो ती जागा वेगळी असते : मेंदूच्या पृष्ठभागावरच्या वळ्यांच्या मधल्या खाचांत, अगदी तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती. डोक्याला हिसका बसल्यावर मेंदूवर पडणारा ताण कुठे एकवटतो, याची संगणकावर आकडेमोड केली तर याच खाचांचे तळ पुढे येतात. मेंदूच्या पातळ चकत्यांवर विशिष्ट रंगप्रक्रिया केली की हे ठिपके तपकिरी दिसतात. तज्ज्ञांनी एकत्र बसून निश्चित केलेल्या निकषांनुसार ही खूण सापडली तरच ‘सीटीई’ म्हणायचे.

म्हणजे हे निदान होते मृत्यूनंतरच. जिवंत माणसात ते पक्के करणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन आज उपलब्ध नाही. या आजाराबद्दलचा बहुतेक गोंधळ याच एका अडचणीतून निघाला आहे.

१११ पैकी ११०

२०१७ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी अमेरिकन फुटबॉलपटूंच्या २०२ मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले १११ जण त्या देशातल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये खेळलेले होते. त्या १११ पैकी ११० मेंदूंत सीटीई सापडला. मथळे झाले : ९९ टक्के खेळाडूंना सीटीई!

संशोधकांनी मात्र तसे म्हटलेले नव्हते. हे मेंदू दान केलेले होते. मेंदू दान करायला पुढे कोण येते? ज्यांच्या घरातला माणूस शेवटच्या वर्षांत विसरू लागला, चिडू लागला, ओळखू येईनासा झाला, ते कुटुंब. दातदुखीच्या दवाखान्यात बसलेल्या लोकांवरून गावात किती जणांचे दात किडले आहेत, हे ठरवता येत नाही, तसेच हे.

मग खरा आकडा किती? एक साधा हिशेब करता येतो. मेंदू गोळा झाले त्या वर्षांत एनएफएलचे हजाराहून थोडे अधिक माजी खेळाडू वारले. समजा, तपासणीला न आलेल्या सगळ्यांचे मेंदू निरोगी होते. हे गृहीतक आपण टोकाचे उदार होऊन करतो आहोत. तरीही ११० जण म्हणजे साधारण दहा टक्के होतात. ९९ टक्के हा आकडा फसवा आहे. पण त्यातला फसवेपणा काढून टाकल्यावर उरणारा किमान आकडाही लहान नाही.

दुसरा पुरावा वेगळ्या वाटेने आला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मेंदूपेढीत मेंदूच्या निरनिराळ्या आजारांनी गेलेल्यांचे मेंदू होते. ते खेळाडू म्हणून निवडलेले नव्हते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी जुन्या नोंदी चाळून त्यांतले अंगमेहनतीच्या टकरीचे खेळ खेळलेले ६६ पुरुष शोधले. त्यातल्या २१ जणांत सीटीईच्या खुणा होत्या. असे खेळ न खेळलेल्या १९८ जणांत एकातही नव्हत्या. या १९८ मध्ये आयुष्यात एकदा डोक्याला मोठी इजा झालेले ३३ जण होते, त्यांच्यातही नाही. मला हा अभ्यास मथळ्यातल्या ९९ टक्क्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो. इथे निवडीचा दोष बराच कमी आहे, आणि सीटीईचा संबंध एखाद्या अपघाताशी नसून वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी आहे, हेही यातून पुढे येते. सायकलवरून एकदा पडलेल्या मुलाच्या आईबापांनी सीटीईच्या भीतीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. डोक्याला मार लागल्यावर डॉक्टरकडे जायचे ते वेगळ्या, तातडीच्या कारणांसाठी.

बेशुद्ध पडणे हा निकष नव्हे

मैदानावर डोक्याला मार बसून खेळाडूला भोवळ आली, काही क्षण भान हरपले, तर त्याला इंग्रजीत कन्कशन म्हणतात. खेळसंघटनांचे बहुतेक नियम या कन्कशनभोवती आहेत : खेळाडूला बाहेर काढा, तपासा, काही दिवस विश्रांती द्या. हे नियम हवेतच. पण सीटीईचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६३१ मृत अमेरिकन फुटबॉलपटूंचे मेंदू घेतले गेले. कोण कुठल्या जागी, किती वर्षे, कुठल्या स्तरावर खेळला हे माहीत होते. हेल्मेटमध्ये बसवलेल्या संवेदकांच्या आधीच्या नोंदींवरून, अशा जागी एका हंगामात डोक्याला साधारण किती आणि किती जोराचे धक्के बसतात, याचा अंदाज बांधता आला. दोन्हींचा गुणाकार केला की प्रत्येकाच्या आयुष्यभराच्या धक्क्यांची गोळाबेरीज मिळते. सीटीई कोणाला झाला आणि तो किती तीव्र होता, हे या गोळाबेरजेवरून बऱ्यापैकी सांगता आले. निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येवरून मात्र सांगता आले नाही.

याचा अर्थ नीट पाहा. ज्या धक्क्यानंतर खेळाडूला काहीच वाटत नाही, तो उठून पुन्हा धावतो, प्रशिक्षक वहीत काही लिहीत नाही, तेच धक्के साचत जातात. धूम्रपानातही अमुक एका सिगारेटने कर्करोग झाला असे नसते. रोज किती आणि किती वर्षे, हा प्रश्न असतो.

हेल्मेटचे उत्तरही इथेच मिळते. हेल्मेट कवटी फुटू देत नाही. पण कवटीच्या आत द्रवात तरंगणारा मऊ मेंदू, डोके गर्रकन फिरले की आतल्या आत ताणला जातो. बाहेरचे कवच ते थांबवू शकत नाही. १११ पैकी ते ११० जण हेल्मेट घालूनच खेळले होते.

पुन्हा फुटबॉलकडे

ॲस्टल एकटा होता की अनेकांपैकी एक? याचे उत्तर शोधण्यासाठी डॉ. स्टुअर्ट यांच्या गटाने स्कॉटलंडमधल्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या आरोग्यनोंदी घेतल्या. वय आणि आर्थिक परिस्थितीने त्यांच्याशी जुळणारे प्रत्येकी तीन सामान्य पुरुष निवडले. २०१९ मधल्या पहिल्या निष्कर्षांत एक चांगली बातमी होती : हृदयविकार आणि फुप्फुसाचा कर्करोग यांनी मरणाऱ्यांचे प्रमाण खेळाडूंमध्ये कमी होते. मेंदूच्या ऱ्हासाने मृत्यू येण्याचे प्रमाण मात्र सुमारे साडेतीन पट होते.

२०२१ मध्ये त्यांनी याच नोंदी खेळाडूच्या जागेनुसार वेगळ्या केल्या. मला वाटते, सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगा भाग हाच आहे. गोलरक्षक चेंडू हातात घेतो, डोक्याने जवळजवळ मारतच नाही. त्याच्यातला धोका सामान्य माणसापेक्षा निश्चित वाढलेला म्हणता येईल इतका नव्हता. बचावफळीतला खेळाडू प्रतिस्पर्ध्याचे लांबून आलेले उंच चेंडू दिवसभर डोक्याने परतवतो. त्याच्यात धोका जवळपास पाचपट. पाच वर्षांहून कमी खेळलेल्यांत दुप्पट-सव्वादोनपट, पंधरा वर्षांहून जास्त खेळलेल्यांत पाचपट. एकाच क्लबचा सराव, तेच डॉक्टर, तसेच राहणीमान. फरक डोक्यावर बसणाऱ्या चेंडूंचा.

‘तेव्हाचे कातडी चेंडू पाण्याने जड व्हायचे, आता तसे नाही,’ असे म्हणून हा प्रश्न निकालात काढला जातो. या अभ्यासात खेळाडू कुठल्या दशकात जन्मला यावर धोका अवलंबून दिसला नाही. आजचा चेंडू पाणी पीत नाही, हे खरे. पण कोरड्या चेंडूचे वजन पूर्वीइतकेच आहे, ४१० ते ४५० ग्रॅम, आणि तो पूर्वीपेक्षा वेगाने येतो.

अंधार कुठे आहे

आता दुसरी बाजू. स्कॉटलंडच्या अभ्यासात मेंदू तपासलेले नाहीत. मृत्यूचे दाखले, रुग्णालयाच्या नोंदी आणि औषधांच्या चिठ्ठ्या पाहिल्या आहेत. त्यात डिमेन्शिया आहे, अल्झायमर आहे, पार्किन्सन्स आहे. त्यातला किती भाग सीटीईचा, हे त्यावरून सांगता येत नाही. कोणी किती हेडर मारले, हेही कोणी मोजलेले नव्हते. जागेवरून अंदाज बांधला आहे.

धोक्याचा आकारही पक्का नाही. स्वीडनमध्ये सर्वोच्च लीगच्या सहा हजारांहून अधिक खेळाडूंचा असाच अभ्यास २०२३ मध्ये आला. तिथे वाढ साडेतीनपट नव्हती, दीडपट होती : खेळाडूंमध्ये नऊ टक्के, इतरांमध्ये सहा टक्के. दिशा तीच, गोलरक्षकांमध्ये वाढ न दिसणेही तेच, पण आकार बराच लहान.

मेंदूतल्या खुणा आणि माणसाचे वागणे यांचा मेळही नेहमी बसत नाही. लंडनमध्ये डिमेन्शियाने गेलेल्या सहा माजी फुटबॉलपटूंचे मेंदू तपासले, तेव्हा चौघांत सीटीई सापडला. पण सहाही जणांत अल्झायमरचे बदल होते. मग स्मृती कोणत्या आजाराने नेली? उलट, काहींच्या मेंदूत सीटीईच्या सौम्य खुणा सापडतात, पण घरच्यांना शेवटपर्यंत काही वेगळे जाणवलेले नसते. एकाच संघात, तितकीच वर्षे खेळलेल्या दोघांपैकी एकाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही. यात अनुवंशाचा वाटा किती, हेही नीट कळलेले नाही. स्त्री खेळाडूंचे तपासलेले मेंदू इतके थोडे आहेत की त्यांच्याबद्दल बोलणे घाईचे ठरेल. आणि वर्षाला किती धक्के चालतील, ही सीमारेषा तर कोणालाच आखता आलेली नाही.

या अनिश्चिततेचा माजी खेळाडूंसाठी एक व्यावहारिक अर्थ आहे. साठीच्या एखाद्या मुष्टियोद्ध्याला विसरायला होते, चिडचिड होते, झोप लागत नाही. त्याने बातम्या वाचून स्वतःवर सीटीईचा शिक्का मारून घेऊ नये. नैराश्य, झोपेतला श्वासाचा अडथळा, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, दारू, वाढलेला रक्तदाब यांनीही हेच होते, आणि यांतल्या प्रत्येकावर उपाय आहेत. सीटीईवर आज नाही. ‘आता काही होणार नाही’ असे मानून जो डॉक्टरकडे जात नाही, तो बरा होऊ शकणारा आजारही अंगावर काढतो. डॉक्टरला मात्र आपण किती वर्षे, कोणता खेळ, कोणत्या जागी खेळलो ते आवर्जून सांगावे.

मग करायचे काय?

‘खात्री झाल्यावर बघू’ हे उत्तर मला पटत नाही. खात्री नेमकी कशाची हवी? एखाद्या खेळाडूला हा आजार होईल का, हे आज सांगता येत नाही आणि बहुधा लवकर येणारही नाही. पण धक्के जितके जास्त तितका धोका जास्त, हे वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या खेळांतून, वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा पुन्हा दिसले आहे. अमेरिकेच्या सरकारी मज्जासंस्था संशोधन संस्थेनेही २०२२ मध्ये सीटीईचे एक कारण म्हणून डोक्याला वारंवार होणाऱ्या इजांकडे स्पष्ट बोट दाखवले. धक्के कमी करण्यासाठी एवढी माहिती पुरेशी आहे. सीमारेषा माहीत नसणे हे तर जपून वागण्याचे कारण आहे, बेफिकिरीचे नव्हे.

धक्के कमी कुठे करायचे, याचे उत्तर साध्या आकडेमोडीत आहे. समजा, बारा वर्षांचा मुलगा आठवड्यातून तीन दिवस सराव करतो आणि दर वेळी ओळीत उभे राहून वीस हेडर मारतो. वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर झाले २,४००. आता वर्षातले तीस सामने आणि दर सामन्यात तीन हेडर धरा : ९०. म्हणजे सामन्याला हातही न लावता, फक्त सराव बदलून जवळजवळ सगळे धक्के टाळता येतात.

बाहेर हेच केले गेले. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडरची बंदी केली आणि अकरा ते तेरा वयोगटासाठी सरावात मर्यादा घातली. इंग्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांचा हेडरचा सराव थांबवला. पुढच्या वर्षी व्यावसायिक खेळाडूंसाठीही आठवड्याच्या सरावात जोरदार हेडर दहापर्यंतच ठेवण्याची सूचना आली. यांत ॲस्टलच्या कुटुंबाने लावून धरलेल्या मागणीचा वाटा मोठा आहे. या नियमांनी सीटीई किती घटला, ते कळायला तीस-चाळीस वर्षे लागतील. पण गमावण्यासारखे त्यात काय आहे? दहा वर्षांच्या मुलाने चेंडू पायात ठेवायला आणि नजर वर करून पास द्यायला शिकले, तर त्याचा खेळ बिघडत नाही.

कोल्हापुरात तालमींच्या संघांचे सामने बघायला गाव लोटते, गोव्यात तर फुटबॉल घरातच असतो. आपल्याकडच्या प्रशिक्षकाला हे अमलात आणायला निधी लागत नाही, यंत्र लागत नाही. लहान मुलांची हेडरची रांग बंद करायची, मोठ्यांचे हेडर मोजायचे, आणि बॉक्सिंगच्या वर्गात डोक्यावर ठोसे बसणारा सराव कमी करून बॅगवरचा आणि पायांच्या हालचालींचा वाढवायचा, इतकेच. आणि मुलाला मैदानावर पाठवणे पालकांनी थांबवू नये. स्कॉटलंडच्या त्याच खेळाडूंची हृदये इतरांपेक्षा बरी होती, हेही त्याच हिशेबात धरायला हवे. त्यांनी फक्त प्रशिक्षकाला एक प्रश्न विचारावा : आठवड्याभरात माझ्या मुलाच्या डोक्यावर किती चेंडू बसतात? ‘कधी मोजले नाहीत’ असे उत्तर आले, तर मोजायला तिथूनच सुरुवात करावी.